क्लाउड लॅबसाठी प्राचार्यांना पत्र: नेमके काय मागायचे?

‘विषय: संगणकशास्त्र विभागात क्लाउड कॉम्प्युटिंग प्रयोगशाळा सुरू करण्यासाठी आर्थिक तरतुदीस मंजुरी मिळणेबाबत.’

अशा विषयाचे पत्र प्राचार्यांच्या टेबलावर आले की त्यांच्या मनात येणारे प्रश्न ठरलेले असतात. कोणती यंत्रे घ्यायची? किती नग? तीन कोटेशने जोडली आहेत का? वॉरंटी किती वर्षांची? डेडस्टॉक रजिस्टरला नोंद कशाची करायची? प्रयोगशाळा म्हणजे खोली आणि खोलीत मांडलेल्या वस्तू, याच समजुतीवर महाविद्यालयाची सगळी खरेदीपद्धत उभी आहे आणि ती समजूत चुकीची म्हणता येत नाही. भौतिकशास्त्राचा ऑसिलोस्कोप किंवा रसायनशास्त्राची तुला अशीच विकत घ्यावी लागते.

क्लाउड प्रयोगशाळेत विकत घ्यायची वस्तू जवळपास नसतेच. विद्यार्थी महाविद्यालयातल्या साध्या संगणकासमोर बसतो आणि दूरच्या डेटा सेंटरमधले एक यंत्र तासाच्या भाड्याने चालू करतो. त्यावर काम करतो, बंद करतो, पुसून टाकतो. महिन्याच्या शेवटी वापराचे बिल येते. म्हणून शिक्षकाने पत्रात ‘क्लाउड सर्व्हर, १ नग’ असे लिहिले, तर पत्र ‘सविस्तर प्रस्ताव सादर करावा’ असा शेरा घेऊन परत येणार. आणि तो शेरा योग्यच असेल. या पत्रात नग मागायचे नसतात, तास मागायचे असतात. ते तास किती, त्यांचा दर काय, हिशेब हाताबाहेर जाऊ नये म्हणून बंदोबस्त काय आणि बिल भरणार कोण, एवढे चार प्रश्न पत्राने सोडवले, तर मंजुरीला अडून राहण्यासारखे फारसे उरत नाही.

क्लाउड म्हणजे काय, याची सर्वत्र मान्य असलेली व्याख्या अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केली. तिच्यात क्लाउडची पाच लक्षणे सांगितली आहेत. मागाल तेव्हा स्वतःच चालू करता येणे, नेटवर्कवरून वापरता येणे वगैरे पहिली चार लक्षणे शिक्षक उत्साहाने समजावून सांगतात. पाचवे लक्षण म्हणजे वापराची मोजणी, आणि पत्राचा सारा भार त्यावर आहे. ॲमेझॉनने भाड्याची यंत्रे २००६ साली बाजारात आणली तेव्हा मोजणी तासाने होत असे. दहा मिनिटे वापरले तरी तासाचे पैसे. २०१७ पासून लिनक्सच्या यंत्रांची मोजणी सेकंदाने होऊ लागली, एका वेळी कमीत कमी ६० सेकंद धरून. तीन तासांच्या प्रात्यक्षिकाला तीन तासांचेच पैसे पडावेत, ही सोय तेव्हापासून आहे.

महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात अशा खर्चाला जागा नाही असे मात्र नाही. वीजबिल नेमके असेच असते. मीटर फिरेल तसे पैसे, आणि तरीही दरवर्षी त्याचा अंदाज बांधून तरतूद होते. त्यामुळे पत्रात हा खर्च ‘आवर्ती’ या सदराखाली दाखवावा, यंत्रसामग्रीच्या सदरात घुसवू नये. ही एक दुरुस्ती केली की डेडस्टॉकचा प्रश्न आपोआप मिटतो.

आता हिशेब. एक साधे महाविद्यालय धरू. तृतीय वर्षाला ६० विद्यार्थी, २० जणांच्या तीन तुकड्या. एका सत्रात तीन-तीन तासांची १२ प्रात्यक्षिके, म्हणजे प्रत्येकाचे ३६ तास. प्रकल्पासाठी प्रत्येकी २० तास आणि सराव परीक्षा व परीक्षा मिळून ४ तास. एका विद्यार्थ्याचे ६० तास झाले, वर्गाचे ३,६००.

ॲमेझॉनचे मुंबईतले केंद्र २०१६ साली सुरू झाले. स्क्रीनवर ते `ap-south-1` या नावाने दिसते. तिथे २ जीबी मेमरीचे `t3.small` नावाचे यंत्र या वर्गाला पुरेसे आहे. त्याचा दर डॉलरमध्ये असतो आणि रुपयात तो तासाला सुमारे २ रुपये पडतो. डॉलर वर-खाली होतो, कंपन्या दरही बदलतात. त्यामुळे पत्र देण्याच्या आठवड्यात कंपनीच्या संकेतस्थळावरील दर-गणकात आकडे पुन्हा घालून त्याची छापील प्रत जोडावी. कोटेशनच्या जागी ती चालते. इथे मी पूर्ण आकडे घेतो.

३,६०० तासांचे, २ रुपयांनी, ७,२०० रुपये होतात. पुष्कळ शिक्षकांचा हिशेब इथे संपतो, आणि पहिले बिल आले की त्यांना घाम फुटतो. कारण यंत्राबरोबर आणखी दोन गोष्टी भाड्याने येतात. पहिली म्हणजे इंटरनेटवरचा सार्वजनिक पत्ता. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन अशा प्रत्येक पत्त्याचे वेगळे पैसे घेते, ते तासाला साधारण ४५ पैसे होतात. ३,६०० तासांचे १,६२० रुपये.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्क, आणि खरी मेख इथेच आहे. यंत्र ‘बंद’ केले की यंत्राचे भाडे थांबते, डिस्कचे थांबत नाही. विद्यार्थ्याच्या फायली तिच्यावर असतात, ती जागा अडवून बसलेली असते, म्हणून तिचे भाडे रात्रंदिवस चालू राहते. दर महिन्याला एका जीबीचे सुमारे ८ रुपये. उबुंटू यंत्राला सहसा ८ जीबीची डिस्क येते. ६० विद्यार्थ्यांच्या डिस्क सत्राचे चार महिने तशाच ठेवल्या, तर १५,३६० रुपये होतात. म्हणजे यंत्रांच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त पैसे बंद यंत्रांच्या डिस्कवर जातात. तेच, प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर यंत्र डिस्कसह पुसून टाकले आणि पुढच्या वेळी नवे घेतले, तर डिस्कचे भाडे तेवढ्याच तासांपुरते पडते. सगळ्या वर्गाचे मिळून सुमारे ३२० रुपये.

दर आठवड्याला यंत्र पुसायचे, तर विद्यार्थ्याचे काम कुठे जाणार, असा प्रश्न प्राचार्य विचारतील आणि तो विचारायलाच हवा. काम जाते गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात. आणि यंत्रावर काय काय बसवायचे हे विद्यार्थी एका छोट्या फायलीत लिहून ठेवतो. नवे यंत्र जन्मतानाच ती फाईल वाचते आणि स्वतःची मांडामांड करून घेते. वेब सर्व्हर हवा असेल तर एवढे पुरते:

```
#!/bin/bash
apt-get update
apt-get install -y nginx
```

हाताने बसवलेले यंत्र जपून ठेवण्याची सवय मोडून, हवे तेव्हा तसेच यंत्र पुन्हा उभे करता येणे हे या विषयातले मुख्य कौशल्य आहे. पैसे वाचवणारी पद्धत आणि शिकवण्याची योग्य पद्धत इथे एकच निघते. पत्रात हे आवर्जून सांगावे, कारण खर्च कमी ठेवण्याचा नियम अभ्यासक्रमातच रुजलेला आहे हे त्यातून दिसते.

उरली गटाने करायची प्रात्यक्षिके. चार जणांचा एक, असे १५ गट तीन प्रात्यक्षिकांत जरा मोठी रचना उभी करतील: दोन यंत्रे, त्यांच्यात काम वाटून देणारा लोड बॅलन्सर, कंपनीने सांभाळलेला डेटाबेस आणि आतल्या यंत्रांना बाहेर जाण्याची वाट देणारा नॅट गेटवे. यातली यंत्रे वर मोजलेल्या तासांतलीच. बाकीच्या वस्तूंचे तासाला मिळून १२ रुपये धरू. १५ गट, प्रत्येकी ९ तास, म्हणजे १३५ तासांचे १,६२० रुपये.

बेरीज १०,७६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १२,७०० रुपये. गैरहजर विद्यार्थ्यांची पुन्हा घेतलेली प्रात्यक्षिके, शिक्षकांची पूर्वतयारी, डॉलरचा चढउतार आणि काही चुका गृहीत धरून २०,००० रुपयांची कमाल मर्यादा मागावी. एका विद्यार्थ्यामागे एका सत्राला ३३३ रुपये. पत्रात हा आकडा ठळक लिहावा. विश्वस्तांच्या बैठकीत सात ओळींचे कोष्टक कोणी वाचेलच असे नाही, दर विद्यार्थ्यामागचा आकडा सगळे वाचतात.

एवढ्यावर प्राचार्य विचारतील: २०,००० च्या पुढे बिल गेले तर? माझ्या मते सगळ्या पत्रात हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे आणि शिक्षक त्याला बगल देतात. उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर असे आहे: हो, जाऊ शकते आणि फार पुढे जाऊ शकते. ६० यंत्रे एकदा चालू झाली आणि महिनाभर कोणी बंदच केली नाहीत, तर ७२० तासांच्या हिशेबाने फक्त यंत्रांचे ८६,४०० रुपये होतात. सार्वजनिक पत्ते धरले तर लाखाच्या वर. त्याहून फसवा प्रकार नॅट गेटवेचा. विद्यार्थी आपली यंत्रे पुसतो, स्क्रीनवर यंत्रांची यादी रिकामी दिसते आणि तो समाधानाने घरी जातो. नॅट गेटवे वेगळ्या पानावर असतो, तो चालूच राहतो, तासाला सुमारे ५ रुपये घेत. १५ गटांनी तो विसरला तर महिन्याला ५४,००० रुपये. म्हणजे आपण सत्रभरासाठी मागितलेल्या रकमेच्या अडीचपटीहून अधिक.

तिसरा प्रकार केंद्राचा. कन्सोलच्या वरच्या कोपऱ्यात केंद्र निवडायची सोय असते. एखाद्याच्या पडद्यावर मुंबईऐवजी अमेरिकेतले व्हर्जिनिया, म्हणजे `us-east-1`, निवडलेले राहून गेले, तर त्याचे यंत्र तिकडे चालू होते. शिक्षक मुंबईची यादी पाहतात, काहीच दिसत नाही, आणि बिल मात्र वाढत असते.

‘आम्ही बजेट अलर्ट लावू’ एवढे लिहून भागत नाही. अलर्ट ही सूचना असते, तो ब्रेक नसतो. शिवाय खर्चाची माहिती तत्क्षणी येत नाही. ॲमेझॉनच्या बजेट सेवेत ती साधारणतः ८ ते १२ तासांच्या अंतराने ताजी होते. शनिवारी दुपारी झालेली चूक रात्री उशिरा कळणार आणि ईमेल पाहिला जाणार सोमवारी. म्हणून पत्रात तीन बंदोबस्त स्पष्ट लिहावेत. पहिला, विद्यार्थ्यांच्या खात्यांना मुंबईखेरीज दुसऱ्या केंद्रात आणि ठरलेल्या छोट्या यंत्रांखेरीज दुसरे काही चालू करण्याची परवानगीच नसेल. हे नियम खात्याच्या धोरणात लिहून ठेवता येतात, मग विद्यार्थ्याने बटण दाबले तरी नकार येतो. दुसरा, रोज रात्री ठरलेल्या वेळी एक स्वयंचलित काम सगळी यंत्रे, नॅट गेटवे आणि लोड बॅलन्सर शोधून काढून टाकेल. प्रकल्पासाठी कोणाला रात्रभर यंत्र हवे असेल तर त्याने तशी नोंद आधी करायची. तिसरा, खर्च ५० आणि ८० टक्क्यांवर गेला की विभागप्रमुख आणि लेखापाल दोघांनाही ईमेल जाईल, आणि ८० टक्क्यांवर नवे यंत्र चालू करण्याची विद्यार्थ्यांची परवानगी आपोआप काढून घेतली जाईल.

यातला पहिला बंदोबस्त सर्वात मोलाचा, कारण तो चूक घडण्याआधी अडवतो. दुसरा रोजची चूक रोज मिटवतो, त्यामुळे सर्वांत वाईट दिवसाचे नुकसानही काही शे रुपयांत राहते. तिसरा या दोघांतून निसटलेल्यासाठी. बंदोबस्त आहे असे नुसते म्हणण्यापेक्षा, पहिल्या आठवड्यात फक्त शिक्षकांनी दोन यंत्रे मुद्दाम चालू ठेवून रात्रीचे काम ती खरोखर पुसते का हे तपासून पाहावे, आणि त्याचा अहवाल प्राचार्यांना द्यावा. पत्रात या चाचणीची तारीखच टाकली, तर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

मग हे सगळे फुकट का नाही, असे कोणी तरी नक्की विचारेल, कारण फुकट क्लाउडच्या जाहिराती सर्वांनी पाहिलेल्या असतात. फुकटचे दोन रस्ते खरोखर आहेत आणि ते पत्रात लपवू नयेत. ॲमेझॉनची ‘एडब्ल्यूएस अकॅडमी’ ही योजना शिक्षणसंस्थांसाठी विनामूल्य आहे. शिक्षकाने ठरलेले प्रशिक्षण पूर्ण केले की वर्गाला सरावाच्या लॅब मिळतात. मायक्रोसॉफ्ट विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या ईमेलवरून पडताळणी करून १०० डॉलरची वर्षभराची सवलत देते आणि त्यासाठी कार्ड मागत नाही. पहिली पाच-सहा प्रात्यक्षिके यावर उत्तम होतात आणि ती तशीच करावीत.

अडचण पुढे येते. अकॅडमीच्या लर्नर लॅबचे सत्र ठरावीक तासांनी, सहसा चार तासांनी, संपते. दिलेली रक्कम ओलांडली तर त्या विद्यार्थ्याची लॅब बंद होते आणि केलेले काम जाते. वापरकर्ते बनवणे, कोणाला कशाची परवानगी द्यायची हे ठरवणे, ही कामे तिथे बहुतांशी कुलूपबंद असतात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला जे करावे लागणार, नेमके तेच प्रात्यक्षिक तिथे करता येत नाही.

तिसराही रस्ता आहे, आणि तो बंद करावा असे मी आग्रहाने म्हणेन: प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे खाते काढायला सांगण्याचा. अशा खात्यासाठी बहुधा क्रेडिट किंवा डेबिट कार्ड द्यावे लागते. मुलांकडे ते नसते. मग वडिलांचे, काकांचे, मित्राचे कार्ड वापरले जाते. फुकट मर्यादा कुठे संपते हे १९-२० वर्षांच्या विद्यार्थ्याला कळत नाही, आणि नॅट गेटवेचे बिल शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या बँक खात्यावर येऊन पडते. शिकताना चूक होणारच. त्या चुकीची किंमत पालकाने का मोजावी? अभ्यासक्रमातल्या प्रात्यक्षिकाचा आर्थिक धोका संस्थेने उचलायला हवा. पैसे मागण्याचे सर्वात भक्कम कारण मला हेच वाटते, आणि ते पत्राच्या पहिल्या परिच्छेदात यावे.

बिल कोण भरणार, हा शेवटचा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण याच ठिकाणी प्रयोगशाळा बंद पडतात. क्लाउड कंपन्यांची घडी कार्डावर बसलेली असते आणि महाविद्यालयांकडे कार्ड नसते. मग उत्साही शिक्षक स्वतःचे कार्ड देतो आणि नंतर भरपाईचे बिल टाकतो. हे करू नये. खाते शिक्षकाच्या नावावर राहते, बिलावर महाविद्यालयाचे नाव नसते, लेखापरीक्षक ते मान्य करत नाही, आणि शिक्षकाची बदली झाली की खातेही त्याच्याबरोबर जाते. कार्डाची आणखी एक अडचण रिझर्व्ह बँकेच्या नियमाची आहे. दरमहा आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांवर २०२२ पासून बहुतेक प्रकारांत १५,००० रुपयांची मर्यादा आहे. त्याहून मोठी रक्कम ओटीपीशिवाय जात नाही. ओटीपी ज्यांच्या मोबाइलवर येतो ते सुटीवर असले, तर बिल थकते, आणि थकलेले खाते कंपनी काही काळाने गोठवते. परीक्षेच्या आदल्या दिवशी हे कळले तर काय होईल ते सांगायला नको.

सरळ मार्ग असा आहे. क्लाउड कंपन्यांचे अधिकृत भागीदार असलेले विक्रेते भारतात आहेत. ते रुपयांत, जीएसटीसह, महाविद्यालयाच्या नावे बिल देतात आणि एनईएफटीने पैसे घेतात. त्यांच्याकडून कोटेशने मागवता येतात, म्हणजे खरेदी समितीची नेहमीची पद्धत पाळली जाते. खाते उघडताना ईमेल पत्ता व्यक्तीचा नसावा, महाविद्यालयाच्या डोमेनवर विभागाच्या नावाने काढलेला असावा. मुख्य खात्याचा पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची ओळख-किल्ली प्राचार्यांच्या कार्यालयात सीलबंद ठेवावी. शिक्षकांनी रोजच्या कामाला मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते वापरावे.

लेखा विभागासाठी आणखी एक ओळ लागते. क्लाउडचे बिल महिना संपल्यावर येते. मार्चमधल्या वापराचे बिल एप्रिलमध्ये हाती पडते, तेव्हा आर्थिक वर्ष बदललेले असते. दुसऱ्या सत्राचा वापर या दोन वर्षांत विभागला जाणारच. ‘मार्चच्या वापराची रक्कम देय खर्च म्हणून चालू वर्षात दाखवावी’ असे पत्रात आधीच सुचवले, तर लेखापालांना नंतर पत्रव्यवहार करावा लागत नाही. आणि ‘विकत काय घेतले?’ या लेखापरीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून प्रत्येक यंत्राला विद्यार्थ्याच्या रोल नंबरचा टॅग लावण्याची सक्ती करावी. टॅग लावले की कोणत्या रोल नंबरने किती रुपये वापरले याचा तक्ता निघतो. बिल, तो तक्ता आणि प्रात्यक्षिकाची हजेरी एकत्र ठेवली की वस्तू नसतानाही हिशेब तपासता येतो.

खोलीत लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. विद्यार्थी दूरच्या यंत्रावर अक्षरांच्या आज्ञा पाठवतो, त्याला इंटरनेट फार लागत नाही. सॉफ्टवेअर उतरवले जाते ते डेटा सेंटरमधल्या यंत्रावर, त्यांच्या वाहिनीवरून. वेगापेक्षा जोडणी अखंड राहणे महत्त्वाचे. म्हणून दुसऱ्या कंपनीची एक जादा जोडणी आणि यूपीएसच्या बॅटऱ्या एवढेच मागावे, स्थानिक कोटेशनसह. मात्र पैशाने न सुटणारे एक काम पत्रात मागायचे असते: महाविद्यालयाच्या फायरवॉलमध्ये २२ क्रमांकाचे पोर्ट बाहेर जाण्यासाठी उघडणे. ते बंद असेल तर पहिल्या प्रात्यक्षिकाला सगळ्या वर्गाला हेच दिसते:

```
ssh: connect to host 203.0.113.10 port 22: Connection timed out
```

याउलट `Permission denied (publickey)` असे आले, तर वाट मोकळी आहे आणि विद्यार्थ्याने चुकीची किल्ली किंवा चुकीचे वापरकर्ता-नाव दिले आहे असे समजावे. पहिला संदेश आला की तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहावा. तिथे जोडणी झाली तर दोष महाविद्यालयाच्या फायरवॉलचा. तिथेही झाली नाही तर क्लाउडमधल्या यंत्राच्या सुरक्षा-नियमांत पोर्ट उघडायचे राहिले असण्याची शक्यता जास्त.

आणखी एक अडथळा पहिल्याच दिवशी येतो. नव्या खात्याला एका वेळी किती प्रोसेसर वापरता येतील यावर कंपनीची मर्यादा असते. आपल्या `t3.small` यंत्राला दोन आभासी प्रोसेसर असतात, २० विद्यार्थ्यांना ४० लागणार. खात्याची मर्यादा ३२ असेल तर १६ जणांची यंत्रे चालू होतात आणि सतराव्याला `VcpuLimitExceeded` असा नकार मिळतो. त्या मुलाला वाटते आपलेच काही तरी चुकले. मर्यादा वाढवून मागता येते, त्याला पैसे पडत नाहीत, पण अर्ज करून वाट पाहावी लागते. म्हणून खाते सत्र सुरू होण्याआधी निदान महिनाभर तरी उघडलेले असावे.

हे सगळे एकत्र केले तर पत्राचा गाभा असा होतो:

‘महोदय/महोदया, तृतीय वर्षाच्या ६० विद्यार्थ्यांना क्लाउड कॉम्प्युटिंगची प्रात्यक्षिके करण्यासाठी स्वतःच्या वा पालकांच्या बँक कार्डावर खाते उघडावे लागू नये, याकरिता महाविद्यालयाच्या नावे एक खाते असणे आवश्यक आहे. विनामूल्य शैक्षणिक योजनांतून शक्य ती प्रात्यक्षिके घेतली जातील. उर्वरित कामासाठी ३,६०० यंत्र-तासांचा अंदाजित खर्च करांसह १२,७०० रुपये असून प्रति सत्र २०,००० रुपयांच्या कमाल मर्यादेस आवर्ती खर्चाखाली मंजुरी मिळावी. खर्चनियंत्रणाची व्यवस्था परिशिष्ट १ मध्ये, दर-गणकाची प्रत व विक्रेत्यांची कोटेशने परिशिष्ट २ मध्ये जोडली आहेत. नियंत्रण-व्यवस्थेची चाचणी सत्रारंभापूर्वी घेऊन अहवाल सादर केला जाईल. कळावे, आपला विश्वासू.’

खाली ‘मार्फत: विभागप्रमुख’ आणि शिक्षकाची सही. एका पानात मावते, आणि मावायलाच हवे. बारकावे परिशिष्टात.

प्राचार्य एकट्याने हा निर्णय घेऊ शकतात असेही समजू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार संलग्न महाविद्यालयाचे वार्षिक अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनाकडे मंजुरीसाठी पाठवण्याचे काम महाविद्यालय विकास समितीचे आहे. प्राचार्य त्या समितीचे सदस्य-सचिव असतात. म्हणजे शिक्षकाचे पत्र पुढे त्या बैठकीत वाचले जाणार, जिथे बसलेल्या बहुतेकांनी क्लाउडचे कन्सोल कधी पाहिलेले नसते. ते त्यांनाही कळेल अशा मराठीत लिहावे.

आणि वेळेवर द्यावे. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत होते. जूनमध्ये दिलेल्या पत्राला ‘तरतूद नाही’ हे उत्तर मिळते आणि ते खरे असते. जूनमध्ये प्रयोगशाळा हवी असेल, तर हे पत्र जानेवारीत प्राचार्यांच्या टेबलावर पोहोचवा.